आठ हजारांचे पाच हजार: फडावरच्या एका शोधनिबंधाची काटछाट

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याला एक शोधनिबंध द्यावा लागतो. मर्यादा ५,००० शब्दांची. परिशिष्टं आणि संदर्भसूची त्यात धरत नाहीत. तळटीपा आणि तक्ते धरतात. माझ्या एका विद्यार्थिनीने गेल्या खेपेला दिलेला कच्चा खर्डा ८,१४० शब्दांचा होता आणि जमा करायला अकरा दिवस उरले होते. या अकरा दिवसांत तो दोनदा कापला गेला. पहिल्यांदा तो ४,९८५ वर आला आणि त्यातला मुद्दाच गेला. दुसऱ्यांदा ४,९४० वर आला आणि मुद्दा आधीपेक्षा ठळक झाला. दोन्ही वेळा हात तिचाच होता, शब्दही जवळपास तेवढेच. फरक कशामुळे पडला ते नीट मांडावं असं तेव्हापासून मनात होतं, कारण दर वर्षी कुणी ना कुणी याच जागी अडकतो.

विषय होता पांझरेच्या काठची फड पद्धत. धुळे, साक्रीकडच्या वाचकांना सांगायला नको, पण इतरांसाठी थोडक्यात सांगतो. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखाली भिजणारी सगळी जमीन म्हणजे थळ. या थळाचे तीन-चार मोठे तुकडे पाडलेले असतात, त्यांना फड म्हणतात. एका फडात एका हंगामात एकच पीक. कोणत्या फडात काय पेरायचं आणि कोणता फड पडीक ठेवायचा हे गाव बसून ठरवतं. पाणी सोडायला पाटकरी, त्यांच्यावर देखरेखीला हवालदार, पिकाची राखण करायला जागल्या. शेतकऱ्याची जमीन सहसा एकाच फडात नसते, म्हणून एखादा फड बंद ठेवला तरी कुणी पूर्ण उपाशी राहत नाही. ही व्यवस्था काही शतकं चालली आणि गेल्या काही दशकांत बहुतेक ठिकाणी मोडली. ती का मोडली, हा तिचा प्रश्न.

तिच्या आजोबांचं शेत अशाच एका थळात आहे, त्यामुळे तिला माणसं भेटत होती आणि बोलतही होती. साहित्य भरपूर जमलं होतं, आणि खर्डा फुगला तो त्यामुळेच.

खर्ड्याची मापं अशी होती: प्रस्तावना १,१५०, खानदेशचा इतिहास-भूगोल १,४२०, पूर्वसाहित्य १,३८०, फडाची रचना १,२६०, संशोधन पद्धत ५४०, मुलाखती १,६१०, चर्चा ४८०, निष्कर्ष ३००. हे आकडे आम्ही पहिल्या दिवशी काढले नव्हते. ते काढले असते तर तेव्हाच दिसलं असतं की जिथे तिला स्वतःला काही म्हणायचं होतं तो भाग, म्हणजे चर्चा, सगळ्या निबंधाचा जेमतेम सतरावा हिस्सा होता. पहिल्या दिवशी मी फक्त एवढंच म्हणालो, "पाच हजारांवर आण आणि पाठव." ही माझी चूक. कापायला सांगितलं, पण काय राखायचं ते विचारलं नाही.

तिने चार रात्री जागून जे केलं ते बहुतेक विद्यार्थी करतात. पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि प्रत्येक परिच्छेदातून थोडं थोडं काढत गेली. विशेषणं गेली, "त्याचप्रमाणे" आणि "तसेच" गेले, वाक्यं आखूड झाली. यात वाईट काही नाही, पण या वाटेने निबंध ६,०२० च्या खाली उतरेना. मग घाई झाली. वेळ संपत आला की माणूस सुटा दिसणारा तुकडा उचलतो, तसं तिने केलं. वरच्या धरणामुळे नदीचा प्रवाह कमी झाला याबद्दलचा ३१० शब्दांचा परिच्छेद काढला, कारण तो "आपल्या मुद्द्याच्या विरोधात जातो". शेजारच्या थळातल्या एका निवृत्त पाटकऱ्याची मुलाखत काढली, कारण तो "आपल्या गावचा नाही". "या थळापुरते", "तिघांच्या सांगण्यानुसार", "बहुधा" असे शब्द जागोजागी गाळले. आकडा ४,९८५ झाला.

मी तो वाचला. भाषा स्वच्छ होती, कुठे अडखळायला होत नव्हतं. तरी काहीतरी हरवल्यासारखं वाटत होतं, आणि मला विषय आधीच माहीत असल्यामुळे काय हरवलं ते धड सांगता येईना. म्हणून अर्थशास्त्राच्या एका सहकाऱ्यांना तो दिला. त्यांनी फडावर काही वाचलेलं नव्हतं. वाचून झाल्यावर कागद उलटा ठेवायला सांगितला आणि विचारलं, हा निबंध एका वाक्यात काय म्हणतो? ते म्हणाले, "फड पद्धत चांगली होती, विहिरींमुळे ती मोडली, ती वाचवायला हवी."

तिला हे म्हणायचंच नव्हतं. शेजारी बसलेल्या तिचा चेहरा उतरला. मूळ खर्डा काढून तिने सतराव्या पानावरचं एक वाक्य दाखवलं. चर्चेच्या मधोमध, एका लांबलचक परिच्छेदाच्या पोटात ते दडलेलं होतं: विहिरी आल्यावर आधी पाणी तुटलं नाही, आधी बैठक तुटली. ज्याच्याकडे स्वतःची विहीर आणि मोटार आली, त्याला पीक ठरवण्याच्या बैठकीला येण्याची गरज उरली नाही. तो हंगामी फडात ऊस लावू लागला, एक फड एक पीक हा नियम सुटला, आणि पाण्याची वाटणी त्यानंतर कोसळली.

सगळा निबंध या क्रमावर उभा होता. विहिरी हे कारण आहे असं अनेकजण सांगतात, त्यात नवं काही नाही. नवं होतं ते हे, की पाणी भरपूर असतानाच नियम मोडला. हे वाक्य दुसऱ्या पानावर असायला हवं होतं आणि बाकी सगळं त्याच्या सेवेला.

हा क्रम पहिल्या काटछाटीत कसा बुडाला ते एका वाक्यावरून दाखवता येतं. मूळ खर्ड्यातलं वाक्य असं होतं:

"सदर संशोधनाच्या अनुषंगाने संशोधिकेने प्रत्यक्ष क्षेत्रभेटी देऊन शेतकऱ्यांच्या मुलाखती घेण्याचे कार्य केलेले असून त्यामधून असे दिसून आले आहे की, विहिरींची संख्या वाढल्यामुळे शेतकऱ्यांचे फडाच्या पाण्यावरील अवलंबित्व कमी होत गेलेले आहे."

तीस शब्द. पहिल्या काटछाटीत त्याचं झालं: "विहिरींमुळे फड मोडला." तीन शब्द. सत्तावीस शब्द वाचले, पण विधान बदललं. मूळ वाक्य फक्त एक पायरी सांगत होतं, की लोकांची फडावरची गरज कमी झाली. नवं वाक्य थेट शेवट सांगतं आणि मधल्या सगळ्या पायऱ्या गिळतं. सहकाऱ्यांनी जे ऐकवलं ते या तीन शब्दांतूनच आलं होतं. शेवटी आम्ही ठेवलं ते असं: "विहिरी वाढल्या तसे शेतकरी फडाच्या पाण्यावर कमी अवलंबून राहू लागले, असे मुलाखतींतून दिसते." तेरा शब्द. "सदर", "अनुषंगाने", "कार्य केलेले असून", "दिसून आले आहे की" हे सगळं गेलं आणि पायरी जागेवर राहिली. वाक्य आखूड करताना आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवून एवढंच पाहायचं: दोन्ही वाक्यांना तोच आक्षेप घेता येतो का? "विहिरींमुळे फड मोडला" या वाक्याला "मग धरणाचं काय?" असं लगेच विचारता येतं. मूळ वाक्याला तो प्रश्न लागूच होत नव्हता. म्हणजे आपण वाक्य छोटं केलेलं नाही, दुसरं लिहिलं आहे.

सात दिवस उरले होते. पहिला निर्णय असा घेतला की ४,९८५ ची प्रत बाजूला ठेवायची आणि पुन्हा ८,१४० वरून सुरुवात करायची. तिला हे जड गेलं, चार रात्रींचं काम होतं ते. पण कापलेल्या प्रतीत हरवलेल्या गोष्टी परत घालत बसलं की त्या टाके घातल्यासारख्या दिसतात, आणि काय हरवलं आहे याची यादीही आपल्याजवळ नसते.

मग तिने एका कोऱ्या कागदावर तो क्रम चार पायऱ्यांत लिहिला. एक, फड चालतो तो सामायिक पिकावर, कारण पीक एक असेल तरच पाण्याची पाळी सगळ्यांची एकदम लागते आणि एकदम संपते. दोन, विहीरवाला बैठकीतून बाहेर पडतो. तीन, त्याच्या वेगळ्या पिकामुळे पाळी जुळेनाशी होते. गहू निघून गेल्यावर एका उसाच्या तुकड्यासाठी सगळी चारी भरून पाणी न्यायला पाटकरी तयार होत नाही, वाटेतच निम्मं मुरतं. चार, मग तो गाळ काढायलाही येत नाही, आणि पाटाची दुरुस्ती थांबते.

हा कागद समोर ठेवून तिने मूळ खर्ड्याच्या प्रत्येक परिच्छेदासमोर समासात दोन गोष्टी लिहिल्या: हा परिच्छेद कोणत्या पायरीचा, आणि त्याचे शब्द किती. सगळे मिळून एकोणसाठ परिच्छेद होते. त्यांतले तेवीस कोणत्याच पायरीचे नव्हते. पहिली पायरी भरपूर पोसलेली होती, दुसरीला बरा पुरावा होता, तिसरी दोन परिच्छेदांवर उभी होती आणि चौथी एका वाक्यावर. म्हणजे निबंध एकीकडे तीन हजार शब्दांनी लांब होता आणि त्याच वेळी दुसरीकडे तोकडा. सरसकट चाळीस टक्के कापण्यातला धोका इथे आहे: चौथ्या पायरीच्या त्या एका वाक्यातूनही चाळीस टक्के जातात.

ती समासातले आकडे बघत बसली होती. मग मुलाखतींच्या वहीत काहीतरी शोधून माझ्यापुढे धरलं. तिच्या आजोबांचं वाक्य होतं: "पानी कमी व्हयनं ते एक फड बंद ठेवाना, समदा फडस्ले थोडं थोडं देवानं नही." पाणी कमी झालं तर एक फड बंद ठेवायचा, सगळ्या फडांना थोडं थोडं द्यायचं नाही. "सर, मी सगळ्यांना थोडं थोडं देत बसले," ती म्हणाली. त्यानंतर मला तिला फार काही समजवावं लागलं नाही.

बंद ठेवलेला पहिला फड म्हणजे खानदेशचा इतिहास. फारुकी राजवट, मोगल, १८१८ नंतरचा ब्रिटिश अंमल, १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे होणं, हे सगळं बरोबर होतं आणि मेहनतीने लिहिलेलं होतं. पण चारांपैकी एकही पायरी त्यावर टेकत नव्हती. १,४२० शब्दांचे १६० झाले: पांझरा कुठून निघते, कुठे मिळते, आणि हे थळ तिच्या कोणत्या टप्प्यात येतं एवढंच. या कापाला एक शेपूट होतं, ते सांगायला हवं. मोठा भाग काढला की त्याच्याकडे बोट दाखवणारी वाक्यं मागे उरतात. `Ctrl+F` घेऊन "वर पाहिल्याप्रमाणे", "आधी नमूद केल्याप्रमाणे", "उपरोक्त" हे शोधले, तर सहा ठिकाणी बोट अशा मजकुराकडे होतं जो आता निबंधात नव्हता. त्यांतल्या पाच ठिकाणी फक्त बोट काढलं. सहाव्या ठिकाणी मात्र इतिहासातलं एक वाक्य परत आणावं लागलं, कारण बंधारे जुने आहेत ही गोष्ट चर्चेत गृहीत धरली होती आणि तिला आधार दुसरीकडे कुठेच नव्हता.

दुसरा मोठा काप पूर्वसाहित्यात. तिथे एका लेखकाला एक परिच्छेद अशी मांडणी होती: अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये सामायिक संसाधनं टिकवणाऱ्या संस्थांची जी आठ तत्त्वं मांडली, ती आठही तिने ४२० शब्दांत समजावून सांगितली होती. तिच्या चर्चेत त्यांतली दोनच वापरलेली होती: नियम ज्यांना लागू होतात त्यांचा ते बदलण्यात वाटा असणं, आणि देखरेख करणारा वापरणाऱ्यांना बांधील असणं. मी उरलेली सहा काढायला सांगितली तेव्हा ती घाबरली. "सर, परीक्षक म्हणतील हिने वाचलंच नाही." ही भीती खरी असते आणि तिच्यापायी खूप शब्द खर्ची पडतात. तिच्यावरचा उपाय एका वाक्याचा आहे: तत्त्वं आठ आहेत, त्यांपैकी या प्रकरणाला भिडणारी दोन घेतली आहेत, आणि ती का घेतली. निवडीचं कारण दिलं की वाचल्याचा पुरावा आपोआप मिळतो. बाकीच्या लेखकांचे दोन गट केले: पाणी आटलं म्हणून फड मोडला म्हणणारे, आणि संस्था ढासळली म्हणून मोडला म्हणणारे. तिचं म्हणणं दुसऱ्या गटात बसतं, पण ती क्रम दाखवते, जो त्या गटानेही दाखवलेला नाही. १,३८० चे ६१० झाले, आणि तिचा मुद्दा कुठे बसतो हे पहिल्यांदाच कळायला लागलं.

मुलाखतींच्या भागात वेगळीच अडचण होती, आणि ती आपल्या भागातच येते. लोक अहिराणीत बोलले होते. तिने प्रत्येक उतारा अहिराणीत दिला होता आणि खाली त्याचं प्रमाण मराठी. म्हणजे प्रत्येक साक्ष दोनदा मोजली जात होती. अहिराणी गाळायची हे मला पटत नव्हतं आणि तिलाही. "बठक तुटनी" यातलं तुटणं मराठीत आणताना बोथट होतं. शेवटी असं ठरवलं की ज्या ठिकाणी शब्दाचाच पुरावा आहे तिथे अहिराणी मूळ वाक्य आणि त्याचा अर्थ पुढच्या वाक्यात मिसळून. जिथे फक्त माहिती आहे तिथे तिच्या स्वतःच्या मराठीत सार. अशी मूळ वाक्यं अकरावरून चारवर आली. सगळे मूळ उतारे परिशिष्टात गेले, कारण आमच्या नियमात परिशिष्ट मोजत नाहीत. पण मजकूर परिशिष्टात ढकलणं हा कापण्याचा मार्ग नाही. चर्चेतला एखादा दावा पटण्यासाठी वाचकाला मागे जाऊन परिशिष्ट उघडावं लागत असेल, तर तो मजकूर चुकीच्या जागी गेला आहे. तळटीपांबद्दल तर प्रश्नच नव्हता, त्या मोजल्या जातात. वर्डच्या शब्दमोजणीच्या खिडकीत `Include textboxes, footnotes and endnotes` अशी एक चौकट असते. तिच्याकडे ती रिकामी होती, त्यामुळे काही दिवस ती स्वतःला होती त्यापेक्षा दीडेकशे शब्दांनी पुढे समजत होती.

मोजणीचंच आणखी एक. तिने काही भाग आधी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून नंतर युनिकोडमध्ये बदलून घेतला होता. त्यात शब्द मधेच तुटले होते: "पाट करी", "गावा मध्ये", "फडा पासून". संगणक शब्द मोजतो तो दोन मोकळ्या जागांमधला तुकडा म्हणून, तेव्हा "गावा मध्ये" हे दोन शब्द होतात. मराठीत शब्दयोगी अव्यय जोडूनच लिहितात, त्यामुळे ते जोडणं म्हणजे शुद्धलेखन, चलाखी नाही. एकेक करून जोडल्यावर शंभराच्या वर शब्द कमी झाले, आणि मजकुरातलं अक्षरही गेलं नाही. उलट बाजूने "केलेले आहे" हे "केलेलेआहे" करणारेही मी पाहिले आहेत. ते परीक्षकाला पहिल्या पानावरच दिसतं.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. पहिल्या काटछाटीत गेलेले दोन तुकडे, धरणाचा परिच्छेद आणि शेजारच्या थळातला पाटकरी, एकमेकांना जोडलेले होते, आणि ते तिलाही कळलं नव्हतं. धरणाचा परिच्छेद म्हणत होता की वर धरण झाल्यावर बंधाऱ्याला येणारं पाणी कमी झालं. हा तिच्या मुद्द्यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप. तो गाळला की निबंध सुरक्षित होत नाही, फक्त आंधळा होतो, कारण धुळ्यातला कुठलाही परीक्षक हा प्रश्न विचारणारच. आणि त्याचं उत्तर तिच्याच वहीत होतं. शेजारचं थळ त्याच धरणाच्या खाली येतं. तिथला पाटकरी सांगत होता की त्यांच्याकडे खडक वर असल्याने विहिरींना पाणी लागत नव्हतं, विहिरी उशिरा झाल्या, आणि पाणी कमी होऊनही पिकाची बैठक त्यानंतर काही वर्षं होत राहिली. पाणी तेच, धरण तेच, फरक फक्त विहिरींचा. दोन थळं शेजारी ठेवली की क्रमाचा मुद्दा पुराव्यावर उभा राहतो. नाहीतर तो नुसतं मत ठरतो.

मी तिला म्हणालो, "हा माणूस परक्या गावचा आहे म्हणून तू काढलास. तो परक्या गावचा आहे म्हणूनच तो हवा." चर्चेत हे दोन्ही एकत्र आणले, आधी आक्षेप पुऱ्या ताकदीने आणि मग तुलना. तिथेच हेही लिहिलं की शेजारच्या थळाबद्दलची साक्ष एका माणसाच्या आठवणीवर आहे आणि वर्षांची खात्री कागदावरून करता आलेली नाही. चर्चा ४८० वरून १,०२० वर गेली. कापण्याच्या कामात एक भाग दुपटीहून जास्त वाढला हे ऐकायला विचित्र वाटतं, पण बाकीकडे जे सोडलं ते यासाठीच सोडलं होतं.

गाळलेले "या थळापुरते", "बहुधा", "तिघांच्या सांगण्यानुसार" हेही परत आले. सगळे मिळून साठ-सत्तर शब्दांच्या आसपास. असे शब्द कापायला फार सोपे असतात, वाक्य त्यांच्याशिवायही उभं राहतं, म्हणून तेच आधी जातात. पण विधान किती जमिनीवर उभं आहे ते सांगणारे तेच. मी आता विद्यार्थ्यांना सांगतो की "दिसून येते", "असे म्हणता येईल" यांवर खुशाल कात्री चालवा, पण मर्यादा सांगणाऱ्या शब्दांवर आधी पेन्सिलीने गोल करा आणि त्यांना हात लावू नका.

शेवटचा हिशेब असा झाला: प्रस्तावना ४५०, प्रदेश १६०, पूर्वसाहित्य ६१०, रचना ७८०, पद्धत ३३०, मुलाखती १,३५०, चर्चा १,०२०, निष्कर्ष २४०. एकूण ४,९४०. सारांश सगळ्यात शेवटी नव्याने लिहिला. जुन्या सारांशात अजून फारुकी होते.

सहकाऱ्यांना पुन्हा वाचायला देण्यात अर्थ नव्हता, त्यांना आता मुद्दा माहीत होता. नवा माणूस हवा. तिची एक चुलत बहीण बी.एस्सी. करते, तिला दिला. तिने सांगितलं, "विहीरवाले बैठकीला यायचे बंद झाले म्हणून फड मोडला, पाणी नंतर गेलं." तिच्याच शब्दांत, पण क्रम बरोबर. मग विद्यार्थिनीने चर्चा आजोबांना अहिराणीत करून वाचून दाखवली. आबांनी एका जागी थांबवलं. शब्द वाचवायला तिने पाटकरी, हवालदार आणि जागल्या यांचं मिळून "कर्मचारी" केलं होतं. आबांचं म्हणणं होतं की पाटकऱ्याने पाणी नाकारणं वेगळं आणि हवालदाराने ते चालवून घेणं वेगळं, आणि आधी सैल झाला तो हवालदार. तिसरी पायरी यावरच टेकलेली होती. चौदा शब्द घालून तिघांना वेगळं केलं. ४,९५४ वर निबंध जमा झाला.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न धरणाचाच विचारला. तिने चर्चेचं पान उघडून शेजारच्या थळाबद्दल सांगितलं, आणि साक्ष एकाच माणसाची आहे हेही स्वतःहून सांगितलं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "या दोन थळांचा नकाशा कुठे आहे?" नकाशा होता, तिनेच हाताने काढलेला, बंधारे, पाट आणि फड दाखवणारा. रचनेचा भाग कापताना तो परिशिष्टात गेला होता, शेवटून दुसऱ्या पानावर. परीक्षक पानं उलटत राहिले आणि तो सापडल्यावर बराच वेळ पाहत बसले. आकृतीचे शब्द मोजले जात नाहीत. तो रचनेच्या सुरुवातीला ठेवला असता, तर कोणता फड कुठे आणि पाट कुठून वळतो हे सांगणारे तीनेक परिच्छेद काढता आले असते, आणि ते शब्द चौथ्या पायरीला, गाळ काढण्याच्या भागाला देता आले असते. तो भाग शेवटपर्यंत तोकडाच राहिला. कापलेला सगळा मजकूर तिने एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवला आहे, आणि गाळाबद्दलच्या मुलाखती तिला पुन्हा जाऊन घ्यायच्या आहेत.